घरचं आरोग्य : कपाळाचे कोपरे मागे सरकतात तेव्हा

मुळशी तालुक्यातून, पिरंगुटजवळच्या एका वस्तीतून, एका अम्मीचं पत्र आलं आहे. मुलगा चोवीस वर्षांचा, हिंजवडीत कामाला. दोन वर्षांपासून कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले केस विरळ होत चालले आहेत. निकाह चार महिन्यांवर आला आहे. मुलाने मोबाइलवरून मिनॉक्सिडिलची बाटली आणि फिनास्टेराइडच्या गोळ्या मागवल्या आहेत. अम्मी विचारतात, "निकाहापर्यंत केस येतील का? गोळीने पुढे मूलबाळ व्हायला अडचण तर येणार नाही ना? आणि हे सगळं टँकरच्या पाण्यामुळेच झालं ना?"

असा प्रश्न विचारणारं हे पहिलं पत्र नाही. हिंजवडी, माण, मारुंजीत नोकरीसाठी राहणाऱ्या तरुणांच्या घरून हेच तीन प्रश्न येतात. म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहोत, आणि नाव-गाव कळेल असा तपशील गाळला आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू. बोअरच्या जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, मधेच तुटतात. पण पाणी सगळ्या डोक्यावर पडतं. ते फक्त कपाळाचे दोन कोपरे आणि टाळू निवडून तिथलेच केस घालवत नाही. त्याच इमारतीत, त्याच नळाखाली न्हाणाऱ्या बहिणीचे कोपरे जागेवर असतात, ते का?

पाण्यातून किंवा अन्नातून काही पोटात गेलं आणि केस गेले, तर ते कसं दिसतं हे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिलं आहे. डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावोगाव लोकांचे केस काही दिवसांतच गळून डोकी उघडी पडली. त्यात पुरुष होते, बायका होत्या, मुलंही होती. आधी पाण्यावर संशय घेतला गेला, दिल्लीहून तपासणी पथकंही आली. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. असं कारण असतं तेव्हा केस झपाट्याने जातात, सगळ्या डोक्यावरून जातात आणि घरातल्या अनेकांचे जातात. वर्षानुवर्षं हळूहळू, फक्त पुरुषाच्या कपाळाच्या कोपऱ्यांतून मागे सरकणारी रेघ ही वेगळी गोष्ट आहे.

टोपीलाही उगाच दोष दिला जातो. नमाजची टोपी किंवा हेल्मेट यांनी केसांची मुळं गुदमरत नाहीत, कारण मुळाला हवा बाहेरून नाही तर रक्तातून मिळते. तसंच, डोकं पूर्ण भादरल्याने केस दाट उगवत नाहीत. वस्तरा केस कातडीवर कापतो आणि मूळ आत तसंच राहतं. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून काही आठवडे ते जाड भासतं, एवढंच. उमऱ्याहून आल्यावर केस भरून येतील, अशी आशा धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मग कारण काय? पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचा संप्रेरक असतो. त्याचा काही भाग शरीरातलं एक विकर बदलून त्यापासून अधिक तिखट रूप तयार करतं. त्याला थोडक्यात डीएचटी म्हणतात. काही पुरुषांच्या कपाळाच्या कोपऱ्यांतली आणि टाळूवरची मुळं जन्मतःच डीएचटीला हळवी असतात. दर वेळी केस गळून नवा येतो तो आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिका. शेवटी नुसती लव उरते. मानेवरच्या आणि कानामागच्या मुळांना हा त्रास नसतो, म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाचीही मागची झालर टिकते. हा हळवेपणा आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून येतो. "मामाला टक्कल नाही, म्हणजे तुला पडणार नाही" हे म्हणूनच खरं नाही.

प्रत्येक मागे सरकलेली रेघ म्हणजे टक्कल नव्हे, हेही सांगायला हवं. सतरा-अठराव्या वर्षापर्यंत मुलाच्या कपाळाची रेघ लहान मुलासारखी सरळ आणि खाली असते. पुढे ती बहुतेक पुरुषांत बोटभर वर जाते आणि थांबते. भुवया उंचावून कपाळाची सगळ्यात वरची आठी पाहा. केसांची रेघ तिच्यापासून एखादं बोट वर असेल, काठावरचे केस जाड असतील आणि गेल्या दोन वर्षांच्या फोटोंत फरक दिसत नसेल, तर औषधाची गरज नाही. कोपऱ्यात जाड केसांमध्ये बारीक, आखूड, फिके केस मिसळलेले दिसू लागले आणि कोपरा आत जात राहिला, तर ती टकलाची सुरुवात आहे. त्वचेचे डॉक्टर छोट्या भिंगातून हे मिश्रण पाच मिनिटांत पाहू शकतात.

आता औषधांकडे येऊ. दोन्ही औषधं केसांसाठी शोधलेली नव्हती, आणि त्यांच्याकडून काय मिळेल हे त्यांच्या जन्मकथेतूनच कळतं.

मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्या रुग्णांच्या कपाळावर, गालांवर, हातांवर केस वाढू लागले, तेव्हा तिचं डोक्याला लावायचं द्रावण तयार झालं. अमेरिकेत त्याला 1988 मध्ये परवानगी मिळाली. ते डीएचटीला हात लावत नाही. झोपी जाऊ पाहणाऱ्या मुळाला ते वाढीच्या अवस्थेत ढकलतं आणि तिथे जास्त काळ ठेवतं. ढकलणं थांबलं की मूळ पुन्हा जुन्या वाटेला लागतं.

फिनास्टेराइडची गोष्ट डोमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन देशातली. तिथल्या काही कुटुंबांत डीएचटी बनवणारं विकर जन्मापासूनच कमी असलेले पुरुष होते. 1974 मध्ये त्यांच्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी आयुष्यभर लहान राहत होती आणि त्यांना टक्कल पडत नव्हतं. तेच विकर रोखणारी गोळी आधी प्रोस्टेटसाठी 5 मिलिग्रॅमची आली. 1997 च्या अखेरीस टकलासाठी 1 मिलिग्रॅमच्या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही गोळी रक्तातलं डीएचटी साधारण दोन-तृतीयांशाने कमी करते. म्हणजे ती मुख्यतः गळती थांबवण्याचं काम करते.

अम्मींना आणि त्यांच्या मुलाला ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज आहे, ती या औषधांच्या जाहिरातीत सहसा नसते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मिनॉक्सिडिलच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की हे औषध टाळूसाठी आहे, मागे सरकलेल्या कपाळाच्या रेघेसाठी नाही. फिनास्टेराइडच्या तिथल्या माहितीपत्रकातही म्हटलं आहे की कपाळाच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांवर तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही. मोठ्या चाचण्या टाळूवर झाल्या. तिथे एक इंच व्यासाच्या गोल जागेत सुरुवातीला सरासरी 876 केस होते. वर्षभराने गोळी घेणारे आणि नकली गोळी घेणारे यांच्यात 107 केसांचा फरक पडला, म्हणजे साधारण आठास एक. पुढच्या भागातल्या विरळ केसांवर वेगळी चाचणी झाली, तेव्हा फरक याच्या निम्म्याच्या आसपास होता. तोही कपाळामागच्या विरळ केसांत मोजलेला, उघड्या कोपऱ्यात नव्हे.

याचा अर्थ कोपऱ्यावर औषध लावणं व्यर्थ आहे असा नाही. नंतरच्या लहान अभ्यासांत आणि डॉक्टरांच्या रोजच्या अनुभवात कोपऱ्यातले बारीक झालेले पण अजून जिवंत असलेले केस काहीसे जाड होताना दिसले आहेत. पण जिथे कातडी गुळगुळीत आणि चमकदार झाली आहे, तिथे ही औषधं केस उगवत नाहीत. कोपऱ्याच्या बाबतीत औषध म्हणजे बांध आहे. जे शेत उरलं आहे ते त्याने वाचतं. वाहून गेलेली माती परत येत नाही.

आता याच मुलाचं वर्ष कसं जाईल, ते क्रमाने पाहू.

पहिल्या दिवशी औषध नाही, फोटो. केस कोरडे, तेल न लावलेले. रोज तीच ट्यूबलाइट, तीच भिंत, तेवढंच अंतर. समोरून कपाळ उघडं करून एक, डावीकडून, उजवीकडून आणि वरून एकेक. शिवाय भुवईच्या बाहेरच्या टोकापासून सरळ वर केसांपर्यंतचं अंतर शिंप्याच्या टेपने मोजून दोन्ही बाजूंचा आकडा वहीत लिहावा. हे केलं नाही, तर वर्षाने औषध लागू पडलं की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. रोज आरशात पाहणाऱ्याला आपल्या केसांचा फरक कळत नाही.

मग डॉक्टरांच्या सल्ल्याने 5 टक्के मिनॉक्सिडिल, 1 मिलिलिटर सकाळी आणि 1 मिलिलिटर रात्री, कोरड्या डोक्याच्या कातडीवर. केसांवर टाकलेलं औषध वाया जातं. जास्त लावल्याने केस जास्त येत नाहीत, फक्त खाज येते आणि औषध रक्तात अधिक जातं. दिवसाला 2 मिलिलिटर या हिशेबाने 60 मिलिलिटरची बाटली तीस दिवस पुरते. म्हणजे बाटलीवरची किंमत गुणिले बारा, हा एका वर्षाचा खर्च, आणि तो पुढेही चालू राहणार. तो झेपणार असेल तरच सुरुवात करावी.

वेळ नमाजच्या वेळांत सहज बसते. औषध लावल्यानंतर चार तास डोकं धुवायचं नसतं. फज्रनंतर लावलं तर जोहरच्या वुजूपर्यंत पुरेसा वेळ जातो. इशानंतर लावलं तर रात्र मोकळी मिळते, फक्त झोपण्याआधी दोन-तीन तास ते सुकू द्यावं. मसहचा ओला हात फिरला म्हणून सुकलेलं औषध वाया जात नाही. बहुतेक द्रावणांत आणि फेसातही अल्कोहोल असतं. त्याबद्दल मनात शंका असेल तर औषध घेण्याआधीच आपल्या आलिमांना विचारावं. औषध आणून ते अर्धवट लावण्यापेक्षा ते बरं.

दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत केव्हाही केस आधीपेक्षा जास्त गळू शकतात. उशीवर, कंगव्यात, न्हाणीच्या जाळीवर केसच केस. निम्मे तरुण इथेच औषध सोडतात की काय, असं पत्रांवरून वाटतं. हे जाणारे केस आधीच सुटायला आलेले असतात. खालून नवा केस सरकू लागला की जुना बाहेर पडतो. ही गळती थोड्या आठवड्यांत आपोआप थांबते. थांबली नाही, किंवा कातडी लाल होऊन खवले पडू लागले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.

चौथ्या महिन्यात, म्हणजे निकाहाच्या दिवशी, काय असेल? खरं सांगायचं तर फारसं काही नाही. कोपऱ्याच्या काठावर थोडी मऊ लव, किंवा तेही नाही. चार महिन्यांत "पूर्ण केस" देऊ म्हणणारा माणूस औषध विकत नाही, आशा विकतो. निकाहासाठी चांगल्या न्हाव्याकडून बाजू थोड्या आखूड करून घेतल्या, तर कोपरे कमी दिसतील. याहून जास्त त्या दिवसासाठी कोणतंही औषध करणार नाही.

सहा महिन्यांनी गळती कमी झाल्याचं कळू लागतं. निकाल मात्र बाराव्या महिन्यात, पहिल्या फोटोशेजारी नवा फोटो ठेवून. वहीतला आकडा तोच असेल तर औषध यशस्वी आहे. लोक इथे निराश होतात, कारण त्यांना कोपरा भरलेला हवा असतो. पण औषध नसतं तर वर्षभरात तो आणखी आत गेला असता. काठ थोडा दाट झाला असेल तर ती वरची कमाई. आकडा वाढला असेल, तर औषध नियमित लावलं होतं का हे आधी पाहावं, मग डॉक्टरांशी पुढचं बोलावं. आणि औषध सोडलं तर मिनॉक्सिडिलची कमाई तीन-चार महिन्यांत जाते, फिनास्टेराइडची वर्षभरात.

आता अम्मींचा सगळ्यात मोठा प्रश्न, मूलबाळाचा. फिनास्टेराइड हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध आहे. मोबाइलवर आलेल्या खोक्यातून ते सुरू करू नये. चाचण्यांमध्ये गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे चार पुरुषांना कामेच्छा कमी होणं किंवा संबंधांतली अडचण जाणवली. नकली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात दोन होतं. बहुतेकांत गोळी थांबवल्यावर ते बरं झालं, पण काहींनी थांबवल्यानंतरही तक्रार राहिल्याचं सांगितलं आहे. क्वचित काही पुरुषांत वीर्याची प्रत खालावते आणि गोळी सोडल्यावर सुधारते. म्हणून आधीच वीर्यात दोष असलेल्या, किंवा निकाहानंतर लगेच मूल हवं असलेल्या तरुणाने गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे स्पष्ट सांगावं. चोवीस वर्षांच्या या मुलाने आत्ता फक्त मिनॉक्सिडिल लावून गोळीचा निर्णय निकाहानंतर बायकोच्या मताने घेतला, तर काही बिघडणार नाही. टक्कल हा तातडीचा आजार नाही.

मनाची गोष्ट याहून कमी बोलली जाते. 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने 1 मिलिग्रॅम फिनास्टेराइडबाबत आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. असं होणं विरळ, पण गोळी घेणारा मुलगा गप्प राहू लागला, झोप उडाली, कशातच मन लागेना, तर घरच्यांनी त्याला "निकाहाचं टेन्शन" म्हणून सोडून देऊ नये. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्याने हे डॉक्टरांना आधीच सांगावं.

घरातल्या बाकीच्यांसाठी चार गोष्टी. गर्भवती किंवा गर्भवती होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने फिनास्टेराइडची तुटलेली किंवा कुटलेली गोळी हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत त्याने दोष येऊ शकतो. अख्ख्या, वरचं आवरण शाबूत असलेल्या गोळीची भीती नाही. हल्ली मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड एकत्र असलेलं द्रावणही मिळतं. ते लावणाऱ्याच्या ओल्या डोक्याला, उशीला आणि टोपीला हीच काळजी लागू आहे. मिनॉक्सिडिल लावल्यावर हात साबणाने धुवावेत आणि डोकं सुकेपर्यंत तान्ह्या बाळाला खांद्यावर घेऊ नये. बाळाच्या अंगाला ते सतत लागलं, तर बाळाच्या अंगावर केस वाढल्याच्या नोंदी आहेत. आणि घरात मांजर असेल तर विशेष जपावं. मिनॉक्सिडिलचे थोडे थेंब चाटले तरी मांजर दगावू शकतं. ओली उशी, पुसलेला कापूस, सांडलेलं औषध तिच्या वाटेत ठेवू नये.

औषध लावणाऱ्याला छातीत धडधड, चक्कर, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज आली, तर औषध थांबवून दवाखाना गाठावा. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये. फिनास्टेराइड घेणाऱ्याने प्रोस्टेटची पीएसए तपासणी करताना तसं सांगावं, कारण गोळीने तो आकडा निम्म्यावर येतो आणि खरा दोष झाकला जाऊ शकतो. वडिलांनी मुलाची गोळी मागून घेतली, तर हे आणखी महत्त्वाचं. रक्तदान करण्याआधीही गोळीबद्दल सांगावं, कारण ते रक्त गर्भवतीला चढवलं जाऊ शकतं.

केस रोपणाबद्दलही विचारणा होते. मानेवरची हळवी नसलेली मुळं उचलून कोपऱ्यात लावतात. उघड्या कोपऱ्यात केस आणण्याचा मार्ग तोच आहे. पण विशी-पंचविशीत गळती कुठे थांबेल हे ठरलेलं नसतं. आज कोपरे भरले आणि मागची रेघ पुढच्या पाच वर्षांत सरकली, तर पुढे दोन बेटं उरतात आणि मधे मोकळी जागा. आधी औषधाने गळती थांबवून वर्ष-दीड वर्ष पाहावं, मग ठरवावं.

शेवटी, कोणी थांबू नये ते सांगतो. गोल चकती पडून केस गेले, डोक्यात खाज-खवले-पू असेल, भुवयाही विरळ झाल्या, किंवा तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून केस जाऊ लागले, तर ते हे टक्कल नव्हे, आणि ही औषधं त्याचं उत्तर नाहीत. मुळशीकरांना पुण्यात ससूनच्या त्वचारोग विभागात हे दाखवता येतं. फक्त कोपरेच सरकत असतील, तर आज संध्याकाळी ट्यूबलाइटखाली चार फोटो काढा, आकडा वहीत लिहा आणि तारीख घाला. डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.